चॅटमधले शेरे एजन्सीला पाठवण्याआधीची तयारी

एजन्सीकडून पहिले ड्राफ्ट येतात, मार्केटिंग लीड दोन मीटिंगांच्या मधल्या वेळात ते फोनवर उघडून बघतात आणि चॅटवर धडाधड मेसेज पडतात. ते मेसेज एजन्सीला समजतील अशा सुधारणांच्या टिपेत बसवायचं काम ज्याच्याकडे येतं, त्याच्यासाठी ही तयारी आहे. एक गोष्ट आधीच सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे. शब्दांतला बोचरेपणा काढायचा, पण निर्णयाला हात लावायचा नाही. लीडने ‘नको’ म्हटलेलं ‘जमल्यास बघा’ होऊन एजन्सीकडे गेलं, तर पुढच्या फेरीत तेच डिझाइन परत येतं, आणि तेव्हा चूक एजन्सीची नसते.

एक उदाहरण घेऊन पुढे जाऊ. खर्चाचा हिशेब ठेवणाऱ्या एका अ‍ॅपची जाहिरात आहे. एजन्सीने अ, ब, क असे तीन पर्याय पाठवलेत, प्रत्येकात एक चौकोनी पोस्ट आणि एक उभी स्टोरी. लीडचे मेसेज असे: ‘हे कुठल्याही कंपनीचं वाटतंय, आपलं काहीच नाही यात.’ ‘हिरवा मेलाय एकदम.’ ‘बटण कुठाय??’ ‘हेडिंग बोअर.’ ‘अ त्यातल्या त्यात बरं, बाकी फेका.’ ‘उद्या हवंय.’

लिहायला बसण्याआधी चार गोष्टी उघडून ठेवा: एजन्सीला दिलेला मूळ ब्रीफ, ब्रँड गाइडलाइन, करारातला सुधारणांच्या फेऱ्यांचा भाग आणि ड्राफ्टची नेमकी ती फाइल जी लीडने पाहिली. शेवटची गोष्ट हमखास राहून जाते. एजन्सीने सकाळी v1 आणि दुपारी v2 टाकलेली असते, लीड चॅटमध्ये वर चढलेली जुनी फाइल बघून बोलतात आणि आपण आधीच झालेली दुरुस्ती पुन्हा मागतो. फाइलचं नाव आणि आवृत्ती टिपेच्या पहिल्या ओळीत यायलाच हवी.

मग मेसेज एकेक करून वेगळे काढा, त्यांना क्रमांक द्या आणि प्रत्येकाचं कारण ड्राफ्टमध्ये शोधा. वेळ इथे घालवायचा. लीडला जे खटकलं ते बहुतेकदा खरं असतं, पण कशामुळे खटकलं हे मेसेजमध्ये नसतं, आणि एजन्सीला तेच हवं असतं.

‘बटण कुठाय’ घ्या. लॅपटॉपवर फाइल उघडली तर बटण स्पष्ट दिसतं, त्यामुळे लीडने नीट पाहिलंच नाही असं वाटू शकतं. तीच स्टोरी फोनवर, प्रत्यक्ष जिथे दिसणार त्या अ‍ॅपमध्ये टाकून बघा. 1080×1920 च्या स्टोरीत वरचे साधारण 250 आणि खालचे 340 पिक्सेल मोकळे ठेवायचे असा संकेत आहे, कारण तिथे अकाउंटचं नाव आणि उत्तर देण्याची पट्टी येते. आपल्या ड्राफ्टमध्ये बटण वरून 1700 पिक्सेलवर सुरू होतं, म्हणजे ते नेमकं त्या पट्टीखाली जातं. आता एजन्सीला जागेसकट सांगता येतं. चौकोनी पोस्टमध्ये बटण नीट दिसतंय, तिथे काही बदलायचं नाही, हेही त्याच ओळीत लिहा. नाहीतर दोन्हीकडे बटण हलवून येतं.

‘हिरवा मेलाय’ ही रंगाबद्दलची नुसती आवड-नावड वाटते, पण रंगाचा कोड काढून बघा. गाइडलाइनमधला हिरवा #0B7A4B आहे आणि ड्राफ्टमध्ये #8FB3A0 वापरलाय. त्यावर पांढरी अक्षरं आहेत. कॉन्ट्रास्ट तपासणाऱ्या कुठल्याही साधनात हे दोन रंग टाकले की 2.3:1 असं प्रमाण येतं. वेबवरच्या सुगमतेच्या निकषांनुसार (WCAG, पातळी AA) साध्या मजकुराला किमान 4.5:1 आणि मोठ्या अक्षरांना 3:1 लागतं. म्हणजे हेडिंगसुद्धा यात बसत नाही. ब्रँडचा मूळ हिरवा ठेवला तर हेच प्रमाण 5.4:1 च्या आसपास जातं. लीडच्या नजरेने पकडलेली गोष्ट आता मोजून दाखवता येते, आणि मोजलेल्या गोष्टीवर डिझायनरशी वाद होत नाही.

‘हेडिंग बोअर’ कडे जाण्याआधी ब्रीफ बघा. हेडिंगचा मजकूर आपणच दिला होता, एजन्सीने तो जसाच्या तसा लावला. प्रत्येक शेऱ्याला हा प्रश्न लावायचा: एजन्सीकडून ब्रीफमधलं काही सुटलं आहे, की आपण आता वेगळं काही मागतोय? पहिलं असेल तर दुरुस्ती. दुसरं असेल तर बदल, आणि करारात ठरलेल्या फेऱ्यांच्या हिशेबात दोन्ही सारखे धरले जात नाहीत. दोन्ही एकत्र कालवून पाठवले की एजन्सीला वाटतं आपल्यावर सगळं ढकललं जातंय, आणि ते वाटणं चुकीचं नसतं. त्यामुळे या ओळीत सरळ लिहायचं की मजकूर आमच्याकडून बदलतोय. आणि नवा मजकूर हातात असल्याशिवाय ही ओळ पाठवायचीच नाही. ‘हेडिंग अधिक आकर्षक करा’ एवढ्यावर डिझायनर फक्त अक्षरं मोठी करून देईल.

‘आपलं काहीच नाही यात’ हा सगळ्यात अवघड शेरा, कारण फाइलमध्ये शोधून त्याचं उत्तर सापडत नाही. इथे अंदाज बांधायचा नाही, लीडना विचारायचं. पण ‘म्हणजे नक्की काय?’ असा मोकळा प्रश्न टाकला तर उत्तर येतं, ‘बघ ना, कळेल तुला.’ त्यांना निवडता येईल असं विचारा: ‘सर, परकं वाटतंय ते फोटोमुळे, लोगोच्या जागेमुळे की भाषेमुळे? मला फोटोमुळे वाटतंय, लॅपटॉपसमोर हसणारी माणसं कुठल्याही जाहिरातीत असतात.’ एका मिनिटात उत्तर आलं: ‘हो, फोटोच. मागच्या वेळी हातात फोन आणि आपली स्क्रीन होती, तसं.’ आता टिपेत लिहिण्यासारखं काहीतरी मिळालं. त्यासोबत एक कामही निघालं, कारण अ‍ॅपची ताजी स्क्रीन एजन्सीकडे नाही, ती आपल्यालाच द्यावी लागणार.

‘उद्या हवंय’ बद्दलही लीडनाच विचारा: उद्या नेमकं काय लागणार आहे? बहुतेक वेळा सगळा संच नसतो, कुणाला तरी दाखवायला एक चौकोनी पोस्ट हवी असते. करारात एका फेरीला जेवढे कामाचे दिवस दिलेत तेवढे देऊन बाकीचं मागा.

‘बाकी फेका’ मात्र सौम्य करताना जपा. पर्याय ब आणि क बंद, हा निर्णय झालेला आहे. ‘ब आणि क मध्येही छान कल्पना आहेत, पुढे विचार करू’ असं लिहिलं की एजन्सी त्यांच्यावर आणखी तास घालते. बंद म्हणजे बंद लिहायचं आणि कारण एका वाक्यात द्यायचं. कारण दिलं की तो नकार कोरडा राहत नाही आणि पुढच्या कामालाही उपयोगी पडतो.

‘अ त्यातल्या त्यात बरं’ यातूनही काम काढायचं. काय बरं आहे? कौतुक तोंडदेखलं असेल तर नको, पण काय हलवायचं नाही ही डिझायनरसाठी सूचनाच असते. ती दिली नाही तर फोटो बदलताना मांडणीही बदलते आणि जे आवडलं होतं तेच जातं.

एवढं झालं की टीप अशी उतरते:

‘फाइल: लाँच_ड्राफ्ट_v2. आम्ही पर्याय अ घेऊन पुढे जात आहोत. ब आणि क इथेच थांबवा. त्यांत अ‍ॅपपेक्षा चित्रांकडे लक्ष जातं.

पर्याय अ मध्ये हे तसंच ठेवा: डावीकडे मजकूर आणि उजवीकडे चित्र ही मांडणी, आणि हेडिंगभोवतीची मोकळी जागा.

दुरुस्त्या, दोन्ही मापांत: हिरवा रंग #8FB3A0 ऐवजी गाइडलाइनमधला #0B7A4B घ्या. सध्या पांढरी अक्षरं फिकट पडतात, कॉन्ट्रास्ट 2.3:1 आहे, किमान 4.5:1 हवा.

दुरुस्ती, फक्त स्टोरीत: बटण खालच्या 340 पिक्सेलच्या वर आणा, सध्या ते फोनवर उत्तराच्या पट्टीखाली झाकलं जातं. चौकोनी पोस्टमधलं बटण योग्य आहे, ते हलवू नका.

आमच्याकडून बदल: (1) हेडिंगचा नवा मजकूर सोबत जोडला आहे. (2) फोटोऐवजी हातात धरलेला फोन आणि त्यावर अ‍ॅपची स्क्रीन हवी. पाहणाऱ्याला पहिल्याच नजरेत अ‍ॅप दिसावं, हा उद्देश आहे. स्क्रीनची फाइल आज संध्याकाळपर्यंत देते. हात आणि कोन तुम्ही ठरवा. हे दोन बदल फेरीच्या हिशेबात कसे धरायचे ते कळवा.

उद्या दुपारपर्यंत फक्त चौकोनी पोस्ट पाठवा, स्टोरी करारातल्या वेळेप्रमाणे. शंका असल्यास मला विचारा.’

यात ‘हात आणि कोन तुम्ही ठरवा’ ही ओळ मुद्दाम आहे. रंगाचा कोड आणि बटणाची जागा याबाबत एकच उत्तर बरोबर असतं, तिथे नेमकं सांगायचं. चित्राबाबत अडचण आणि उद्देश सांगून थांबायचं. तिथेही आपणच उपाय लिहून दिला तर एजन्सी तो निमूटपणे करते, आणि तो फसला तर कुणाकडेच दुसरा उपाय नसतो.

पाठवण्याआधी टीप दोनदा वाचा. पहिल्यांदा लीडच्या जागी बसून: सगळे शेरे आले का, कुठला मवाळ झाला का? शक्य असेल तर त्यांना दाखवाच, ‘सर, असं पाठवतेय, काही सुटलंय का?’ एवढं विचारलं तरी पुरे. दुसऱ्यांदा, चॅट न पाहिलेल्या डिझायनरच्या जागी बसून: फोन न करता काम सुरू करता येईल का? ‘थोडं’, ‘जरा’, ‘अधिक उठावदार’, ‘फ्रेश’ असे शब्द दिसले तर तिथे काम अर्धवट राहिलंय असं समजा. एकतर किती ते लिहा, नाहीतर कशासाठी ते लिहा.

चॅटचा स्क्रीनशॉट जोडायचा नाही, ‘संदर्भासाठी’ म्हणूनही नाही. एकदा ‘हिरवा मेलाय’ वाचलं की त्या डिझायनरला पुढची सगळी टीप त्याच सुरात ऐकू येते. लीडचे शब्द तुमच्याकडे क्रमांकासह जपून ठेवा. v3 आलं की ते लीडकडे पाठवण्याआधी त्याच क्रमांकांनी, फोनवर उघडून, एकेक तपासा.