आपलेच ॲड सेट एकमेकांच्या आड येत असतील तर काय करावे

दोन ॲड सेटचा, म्हणजे स्वतंत्र बजेट असलेल्या जाहिरातींच्या दोन गटांचा, ऑडियन्स सारखा असला की आपण स्वतःविरुद्धच बोली लावतो आणि भाव चढवून घेतो, असे मेटावर जाहिराती चालवणाऱ्याला सर्रास सांगितले जाते. हे अर्धेच खरे आहे. एकाच जाहिरातदाराचे दोन ॲड सेट एकाच व्यक्तीसाठी पात्र ठरले, तर मेटा त्यांतला ज्याचे एकूण मूल्य, म्हणजे बोली, प्रतिसादाची शक्यता आणि जाहिरातीचा दर्जा यांचा मेळ, जास्त भरते तोच लिलावात उतरवते आणि दुसऱ्याला बाहेर ठेवते. म्हणजे भाव फुगत नाही, पण बाहेर राहिलेल्या ॲड सेटचे बजेट धड खर्च होत नाही, आणि आठवड्याभरात झालेल्या खरेद्या तुकड्यातुकड्यांत वाटल्या जाऊन एकाही ॲड सेटचे शिकणे, म्हणजे जाहिरात कोणाला दाखवावी हे मेटाला आकड्यांवरून उमगणे, पूर्ण होत नाही.

दादरच्या एका साडीच्या दुकानासाठी मी काम करत होतो, तेव्हाचे उदाहरण घेतो. दादरभोवती 10 किलोमीटर, घाटकोपरभोवती 10 किलोमीटर, संपूर्ण मुंबईत साडीची आवड असणाऱ्या स्त्रिया आणि वेबसाइटवर येऊन गेलेले लोक, असे चार ॲड सेट होते. प्रत्येकाला रोज 600 रुपये आणि चौघांचेही उद्दिष्ट खरेदी. पहिल्या दोन वर्तुळांचा बराच भाग एकमेकांवर येतो. शिवाय ठिकाण निवडताना तिथे राहणाऱ्यांबरोबर नुकतेच तिथे येऊन गेलेलेही धरले जात असल्यामुळे, घाटकोपरला राहून रोज दादरला नोकरीला येणारी, साडीची आवड असलेली बाई पहिल्या तिन्ही ॲड सेटमध्ये बसते. आठवड्याच्या खरेद्या अनुक्रमे 24, 17, 12 आणि 9 झाल्या. शिकणे पूर्ण होण्यासाठी एका ॲड सेटला आठवड्यात साधारण 50 लागतात, त्यामुळे चारही ठिकाणी `Learning limited`, म्हणजे शिकणे अडकल्याचा शेरा, दिसत होता.

तपासणीची सुरुवात सोपी आहे: `Audiences` मध्ये जाऊन जास्तीत जास्त पाच ऑडियन्स निवडावेत आणि `Show Audience Overlap` उघडावे.

खरी अडचण पुढे आहे, आणि मी स्वतः इथेच फसलो होतो. तिथे दिसणारी टक्केवारी तुम्ही मुख्य म्हणून निवडलेल्या ऑडियन्सची असते, दोघांची मिळून नव्हे. एकदा माझ्याकडे वेबसाइट पाहणारे 40,000 होते, व्हिडिओ पाहणारे 4,00,000 होते आणि दोन्हींत असणारे 24,000 होते. वेबसाइटवाल्यांच्या बाजूने पाहिले तर ओव्हरलॅप 60 टक्के, व्हिडिओवाल्यांच्या बाजूने पाहिले तर फक्त 6 टक्के. मी 60 चा आकडा पाहून घाबरलो, व्हिडिओवाल्यांचा मोठा ॲड सेट बंद केला, आणि ज्यांचा या ओव्हरलॅपशी काहीही संबंध नव्हता अशा 3,76,000 लोकांपर्यंत पोहोचणे थांबवले. म्हणून दोन्ही बाजूंनी आकडा पाहिल्याशिवाय काहीही बंद करू नये.

त्याहून महत्त्वाचे असे की, ही टक्केवारी माणसे किती सामाईक आहेत एवढेच सांगते. त्या माणसांसाठी तुमचे ॲड सेट लिलावात प्रत्यक्ष समोरासमोर आले का, हे ती सांगत नाही. ते पाहण्यासाठी ॲड सेटवरचे `Inspect` उघडून लिलावातला ओव्हरलॅप पाहावा. अमुक टक्क्यांच्या वर गेले की ऑडियन्स तोडा, असे ठोकताळे मी मुळीच मानत नाही. `Inspect` मध्ये ओव्हरलॅप चढा असेल, बजेट शिल्लक राहत असेल आणि ॲड सेट `Learning limited` मध्ये अडकला असेल, या तिन्ही गोष्टी एकत्र दिसल्या तरच दुरुस्तीला हात घालावा.

दुरुस्ती करताना एकच प्रश्न विचारावा: या दोन गटांना मला वेगळे काही सांगायचे आहे का? दादर, घाटकोपर आणि साडीची आवड या तिघांना तीच साडी, त्याच भावात दाखवायची होती, म्हणून तिघांचा मिळून 1,800 रुपयांचा एकच नवा ॲड सेट केला आणि जुने तिन्ही त्याच दिवशी बंद केले. आज एक, परवा दुसरा असे करू नये. जुना ॲड सेट चालू असेपर्यंत नव्याच्या वाट्याची माणसे तो घेत राहतो. वेबसाइटवर येऊन गेलेल्यांना मात्र वेगळी सवलत द्यायची होती, म्हणून त्यांचा ॲड सेट तसाच ठेवला आणि त्यांचा कस्टम ऑडियन्स, म्हणजे आपल्याच वेबसाइटच्या माहितीवरून बनवलेली त्यांची यादी, नव्या ॲड सेटमधून वगळला. वगळायचे ते कस्टम ऑडियन्सच्या आधारेच, कारण आवडीनिवडीवरून माणसे वगळण्याची सोय मेटाने काढून घेतली आहे.

यानंतर सात दिवस काहीही बदलू नये, कारण मोठा बदल केला की शिकणे पहिल्यापासून सुरू होते. आमच्या तिघांच्या 24, 17 आणि 12 मिळून 53 खरेद्या होत होत्या. तेवढ्याच एका ठिकाणी जमल्या तरी 50 ची पातळी ओलांडली जाते. वेबसाइटवाल्यांचा 9 खरेद्यांचा ॲड सेट अडकलेलाच राहील. त्याचे उद्दिष्ट खरेदीऐवजी कार्टमध्ये साडी टाकणे असे ठेवावे, म्हणजे शिकण्याजोगे आकडे त्यालाही मिळतील.