काकाजींचे पैसे पुन्हा बाजारात कसे लावले

मार्च 2020 च्या पडझडीत काकाजींनी सगळं काढून बचत खात्यात ठेवलं. "अजून पडू दे, मग घालू," म्हणत राहिले. 23 मार्चला 7,610 वर बंद झालेला निफ्टी नोव्हेंबरात 13,000 पार गेला, मग तर त्यांना आणखीच महाग वाटू लागलं.

भाव पाहून ठरवणंच आम्ही बंद केलं. 2,40,000 पैकी 60,000 पेरणीसाठी, म्हणजे बियाणं-खतासाठी, बाजूला काढले. ते बाजारात नकोतच. उरलेले 1,80,000 लिक्विड फंडात, म्हणजे अल्पमुदतीच्या रोख्यांत पैसे ठेवणाऱ्या फंडात टाकून, त्याच फंड कंपनीच्या निफ्टी इंडेक्स फंडात दरमहा 15,000 चा एसटीपी लावला, म्हणजे तेवढी रक्कम दर महिन्याला आपोआप तिकडे वळते, वर्षभरासाठी. मध्ये बाजार घसरला तेव्हा काकाजी म्हणाले, "थांबव बाप्पा!" मी त्यांना स्टेटमेंट दाखवलं: तेवढ्याच रकमेत युनिट जास्त आले होते. हप्ता चालू राहिला. प्रत्येक हप्त्याला लिक्विड फंडातून विक्री होते, त्या नफ्यावर कर लागतो, तेवढा हिशेब ठेवा.