प्लॅनिंगमध्येच रिफाइनमेंट उरकताय? या चुका टाळा

हिंजवडीतल्या आमच्या टीमचं स्प्रिंट प्लॅनिंग एक सोमवार आड सकाळी दहाला सुरू व्हायचं आणि दुपारी डबे उघडले तरी संपायचं नाही. दोन आठवड्यांचा स्प्रिंट, सहा डेव्हलपर, आणि अर्धा दिवस एका खोलीत. सगळे म्हणायचे, मीटिंगा फार होतात. खरं तर एक मीटिंग कमी होती.

आम्ही हाउसिंग सोसायट्यांच्या मेंटेनन्स बिलाचं सॉफ्टवेअर करत होतो. एका सोमवारी बॅकलॉगच्या वरच्या टोकाला एका ओळीची स्टोरी होती: ‘थकबाकीवर व्याज लागावं’. पाच मिनिटांत अंदाज द्यायचा, असं ठरलं. तेवढ्यात एकीने विचारलं, “सभासदाने अर्धेच पैसे भरले तर ते आधी व्याजात वळते करायचे की मुद्दलात?” दुसऱ्याने विचारलं, “चेक परत आला तर व्याज कुठल्या तारखेपासून?” प्रॉडक्ट ओनर म्हणाला, “थांबा, सोसायटीच्या अकाउंटंटना विचारतो.” अकाउंटंटनी फोन उचलला नाही. पाऊण तास गेला, शेवटी स्टोरी ‘अंदाजे आठ पॉइंट’ म्हणून आत ढकलली आणि स्प्रिंट संपला तेव्हा ती अर्धवटच होती.

चूक इथेच ओळखता येते. प्लॅनिंगमध्ये ‘म्हणजे नेमकं काय?’ हा प्रश्न वारंवार येत असेल आणि उत्तर खोलीबाहेरच्या माणसाकडे असेल, तर तुम्ही प्लॅनिंगच्या नावाखाली रिफाइनमेंट करताय.

दोन्हींचा कच्चा माल वेगळा, पक्का मालही वेगळा. रिफाइनमेंट प्रॉडक्ट बॅकलॉगवर चालतं: मोठी कामं फोडायची, तपशील भरायचा, क्रम लावायचा, आकाराचा अंदाज करायचा. तो अंदाज काम करणारे डेव्हलपरच देतात. प्रॉडक्ट ओनर फक्त पर्याय समजावून देतो. प्लॅनिंगमधून मात्र स्प्रिंट बॅकलॉग तयार होतो. त्यात तीन गोष्टी असतात: हा स्प्रिंट कशासाठी, म्हणजे स्प्रिंट गोल, त्यासाठी निवडलेली कामं, आणि ती कशी पार पाडायची याचा आराखडा.

गोंधळाचं मूळ मला वाटतं यादीत आहे. स्क्रम गाइडमध्ये इव्हेंट पाचच आहेत: स्प्रिंट, प्लॅनिंग, डेली स्क्रम, रिव्ह्यू, रेट्रोस्पेक्टिव्ह. रिफाइनमेंट त्यात नाही. ते सतत चालणारं काम मानलेलं आहे. कॅलेंडरवर नाही म्हणून करायचंच नाही, असा सोयीस्कर अर्थ आपण काढतो. (जुने लोक अजून त्याला ग्रूमिंग म्हणतात. काहीही म्हणा, पण करा.)

आम्ही पुढच्या वेळी चालू स्प्रिंटमध्येच दर बुधवारी दीड तास काढला. गाइडच्या 2017 च्या आवृत्तीत टीमच्या क्षमतेच्या साधारण 10 टक्क्यांपर्यंत वेळ रिफाइनमेंटला जातो असं होतं; 2020 मध्ये तो आकडा काढला, तरी ढोबळ मापासाठी उपयोगी आहे. दहा दिवसांच्या स्प्रिंटमध्ये तो माणशी एक दिवस होतो. आमचे तीन तास त्याच्या निम्म्याहून कमीच. पहिल्या बुधवारी प्रश्न लिहून काढले, मधल्या आठवड्यात प्रॉडक्ट ओनरने अकाउंटंटना गाठलं, दुसऱ्या बुधवारी व्याजाची स्टोरी तीन तुकड्यांत फुटली: पूर्ण भरणा, अर्धवट भरणा, परत आलेला चेक. सोमवारी स्प्रिंट गोल ठरला, ‘उशिरा पण पूर्ण रक्कम भरणाऱ्या सभासदाला बिलावर बरोबर व्याज दिसावं’, आणि त्यासाठी पहिला तुकडा पुरला. बाकीचे दोन बॅकलॉगमध्येच राहिले. अकराच्या चहाआधी आम्ही मोकळे. महिन्याच्या स्प्रिंटला प्लॅनिंगची कमाल मर्यादा 8 तास आहे; लहान स्प्रिंटला ते सहसा त्याहून कमी वेळात होतं.

मग आम्ही उलटी चूक केली. रिफाइनमेंट इतकं जमायला लागलं की बुधवारीच ‘हे पुढच्या स्प्रिंटला नक्की, हे तू कर’ असं ठरू लागलं. सोमवारी नुसतं वाचन. त्यात एकदा प्रॉडक्शनमधल्या बगने आणि दोघांच्या रजेने क्षमता घटली, पण यादी बुधवारचीच. रिफाइन झालेलं काम म्हणजे घेण्याजोगं काम, घेतलेलं नव्हे. किती घ्यायचं ते डेव्हलपर प्लॅनिंगमध्ये, त्या दिवशीची क्षमता बघून ठरवतात. कामं वाटून देणं स्क्रम मास्टरचंही काम नाही, जरी आपल्याकडे तो बऱ्याचदा जुना प्रोजेक्ट मॅनेजरच असतो.

तरी प्लॅनिंगमध्ये एखादा प्रश्न निघणारच, आणि थोडं रिफाइनमेंट तिथे करायला गाइडची ना नाही. आम्ही दहा मिनिटं देतो. तेवढ्यात उत्तर मिळालं नाही तर स्टोरी प्रॉडक्ट बॅकलॉगमध्ये ठेवून बुधवारच्या यादीत टाकतो आणि खालची उचलतो. स्प्रिंट गोल त्याच स्टोरीवर उभा असेल तर मात्र गोलच बदलावा लागतो. ही वेळ आमच्यावर दोनदा आली आहे, दोन्ही वेळा चेकमुळे.