सरकारी की खासगी? हिशेब मांडताना या चुका टाळा

वीस वर्षं पगारपत्रकं बनवली. त्यामुळे घरातल्या कोणाला नोकरीची ऑफर आली की पत्र आधी माझ्याकडे येतं, आणि जवळजवळ प्रत्येक वेळी सोबत तोच प्रश्न असतो: "मामा, हातात कुठे जास्त येतील?" पहिली चूक या प्रश्नातच आहे.

भाच्याचंच घ्या. केंद्राच्या एका खात्यात कनिष्ठ अभियंता म्हणून निवड झाली होती आणि एका खासगी कंपनीचंही पत्र हातात होतं. सरकारी पगार घरभाडे भत्ता वगैरे धरून 70,000, कंपनीचा 85,000. एनपीएस या सरकारी पेन्शन योजनेचे 5,500 कापले की सरकारीत हातात 64,500 उरत होते. कंपनी पीएफचे फक्त 1,800 कापणार होती, म्हणजे तिथे 83,200. प्राप्तिकर दोन्हीकडे बाजूला ठेवला तरी फरक 18,700 चा, आणि गडी खूश.

मी विचारलं, "कंपनी फक्त 1,800 च का कापते?" त्याला माहीत नव्हतं. बऱ्याच कंपन्या पीएफ पूर्ण बेसिकवर न धरता 15,000 च्या कायदेशीर मर्यादेवर धरतात. त्याचे 12 टक्के म्हणजे 1,800, आणि कंपनीचेही तेवढेच. म्हातारपणासाठी महिन्याला जमा होणार 3,600. सरकारीत मात्र बेसिक आणि महागाई भत्ता मिळून साधारण 55,000, त्यावर त्याचे 10 टक्के आणि सरकारचे 14 टक्के, म्हणजे 13,200. फरक 9,600 चा. खासगीत हे 9,600 त्याला स्वतःच्या खिशातून बाजूला टाकावे लागतील, तेव्हा कुठे बरोबरी होईल. मग खासगीतली खरी वाढ 18,700 नाही, 9,100 आहे. सीटीसीच्या आकड्याकडे बघून उड्या मारणाऱ्यांना ही वजाबाकी करायला पाच मिनिटं नसतात.

पेन्शनची गंमत तर पुढेच आहे. "कंपनीत पण पेन्शन कापतात ना?" हा त्याचा दुसरा प्रश्न. सप्टेंबर 2014 पासून पहिल्यांदाच पीएफमध्ये येणाऱ्याचा पगार 15,000 च्या वर असेल, तर तो ईपीएसचा, म्हणजे पीएफसोबतच्या पेन्शन योजनेचा, सभासदच होत नाही. त्याला पीएफची पेन्शन नाहीच. कंपनीचा सगळा वाटा पीएफ खात्यात जातो. पगार बनवणारा नवखा असला की सवयीने 1,250 ईपीएसमध्ये टाकून मोकळा होतो, आणि पुढे खातं ट्रान्सफर करताना किंवा पैसे काढताना दावा अडकतो. पहिल्या दोन-तीन महिन्यांत पासबुक उघडून पेन्शनचा रकाना बघा. वरच्या नियमात बसत असाल तर तिथे शून्य हवं. जुने सभासद आहेत त्यांनीही फार आशा ठेवू नये. 15,000 ला 35 वर्षांनी गुणा, 70 ने भागा: महिना 7,500, वर बोनस म्हणून सेवेत दोन वर्षं जास्त धरली तरी 8,000 च्या आत. त्यावर महागाई भत्ता नाही.

उलट बाजूची चूकही तेवढीच जुनी. "सरकारी म्हणजे अर्धा पगार पेन्शन" असं सांगणारे काका 2004 च्या आधी लागलेले असतात. 1 जानेवारी 2004 पासून केंद्राच्या नागरी सेवेत लागणाऱ्यांना एनपीएस लागू आहे. एप्रिल 2025 पासून त्यांना यूपीएस या नव्या पेन्शन योजनेचा पर्याय आलाय. त्यात शेवटच्या बारा महिन्यांच्या सरासरी बेसिकच्या 50 टक्क्यांची हमी आहे, पण पुरी 25 वर्षं सेवा झाली तरच. राज्याच्या नोकरीचे नियम वेगळे, ते त्या खात्यात विचारा, काकांना नाही.

आता माझी दुखरी नस. अठ्ठाविसाव्या वर्षी मी नोकरी बदलली आणि पीएफचे दीड लाख काढून मोटारसायकल घेतली. पाच वर्षांची सेवा झाली नव्हती, म्हणून वर करही भरला. 8 टक्क्यांनी पैसा साधारण नऊ वर्षांत दुप्पट होतो. पंचावन्नाव्या वर्षापर्यंत तीन वेळा दुप्पट होऊन ते बारा लाख झाले असते. मोटारसायकल सहा वर्षांत भंगारात गेली. माझ्या टेबलावर दर महिन्याला असे अर्ज यायचे आणि कारण बहुतेकदा "घरगुती अडचण". जुनं खातं नव्या कंपनीत ट्रान्सफर करा, एवढंच.

बाकीच्या चुका एकेका ओळीच्या. कंपनीचा आरोग्य विमा नोकरीबरोबर जातो, स्वतःचा वेगळा घ्या. खासगीत असाल तर सहा महिन्यांचा खर्च बँकेत पडून हवा. मी तर वर्षभराचा ठेवतो. आणि परीक्षेच्या तयारीत गेलेली चार-पाच वर्षं हिशेबात धरा, ती फुकट नसतात.

भाचा शेवटी खासगीत गेला. पूर्ण बेसिकवर पीएफ कापायला कंपनी तयार झाली नाही, म्हणून ऐच्छिक पीएफचे 9,600 पहिल्याच पगारापासून सुरू करायला लावले. तीन महिन्यांनी त्याचा फोन आला, "मामा, थोडे कमी केले तर चालतील का?" मी फोन ताईकडे द्यायला सांगितला.