सब्रोगेशनच्या कागदावर सही करण्याआधी

ट्रक उलटून शिरोलीहून पाठवलेली आमची कास्टिंग फुटली. नुकसान २ लाखांचं. विमा कंपनीने १ लाख ८० हजार मंजूर केले. पत्रात ‘सब्रोगेशन’ शब्द दिसला आणि माझी सही अडली.

सर्व्हेअरकाकांनी समजावलं, "कंपनी पैसे देते आणि तुमच्या जागी उभी राहून ट्रान्सपोर्टवाल्याकडून ते वसूल करते. पण दिलं तेवढंच."

त्याच आठवड्यात ट्रान्सपोर्टवाला उरलेले २० हजार घेऊन आला, सोबत ‘आता काही येणं नाही’ असा कागद. त्यावर सही केली असती तर कंपनीचा वसुलीचा हक्कच बुडाला असता आणि आमचा क्लेमही अडकला असता. मी कंपनीला कळवलं, फक्त ‘विम्याबाहेरच्या २० हजारांपुरती’ पावती दिली. बुकिंगपासून १८० दिवसांत ट्रान्सपोर्टवाल्याला द्यायची नुकसानीची लेखी नोटीस मात्र आधीच दिली होती.