ऑफर अ‍ॅक्सेप्ट करण्याआधी रिक्रूटरला हे विचारलंत का? बाँड, ट्रेनिंग खर्च आणि जॉइनिंग बोनसच्या या चुका टाळा

ऑफर आली की आपण काय बघतो, सीटीसी, फिक्स्ड किती, व्हेरिएबल किती, वर्क फ्रॉम होम आहे का. नोकरी सोडताना कंपनीला किती द्यावं लागेल हा आकडा कुणी काढतच नाही, आणि तो काढायची खरी वेळ ऑफर अ‍ॅक्सेप्ट करायच्या आधीचीच असते. कारण तेव्हा रिक्रूटरला तुम्ही हवे असता आणि जुनी नोकरी अजून हातात असते. जॉइनिंगच्या दिवशी एचआर सतरा कागद पुढे ठेवून "इथे, इथे आणि इथे सही" म्हणते तोपर्यंत तुम्ही जुन्या ठिकाणाहून सुटलेले असता, मग कसलं निगोशिएशन!

एक उदाहरण पूर्ण सोडवू, म्हणजे कुठला प्रश्न का विचारायचा ते आपोआप कळेल. समजा पुण्यातली एक आयटी कंपनी, वर्षाला 18 लाख पगार, वर 2 लाख जॉइनिंग बोनस, 12 महिन्यांच्या आत सोडलं तर बोनस परत. शिवाय एका क्लाउड प्लॅटफॉर्मचं ट्रेनिंग, त्याचा खर्च 1.5 लाख, 18 महिन्यांचा बाँड, म्हणजे त्याआधी सोडलं तर हा खर्च भरून द्यायचा. नोटीस पिरियड 60 दिवस. जॉइनिंग 1 ऑगस्ट 2025. माणूस 25 मे 2026 ला राजीनामा टाकतो, 60 दिवस धरून लास्ट वर्किंग डे येतो 24 जुलै.

चूक पहिली: "एक वर्ष" कुठून कुठपर्यंत ते न विचारणं

वरच्या केसमध्ये 12 महिने 31 जुलैला भरतात, म्हणजे फक्त एक आठवडा कमी पडला आणि क्लॉजमध्ये "12 महिन्यांच्या आत सोडल्यास संपूर्ण रक्कम" असं लिहिलेलं असेल तर पूर्ण 2 लाख गेले. आता तुम्ही म्हणाल की मग एक आठवडा उशिरा राजीनामा द्यायचा. बरोबर, पण ते तेव्हाच चालतं जेव्हा क्लॉज लास्ट वर्किंग डे मोजतो. काही लेटरमध्ये 12 महिन्यांच्या आत राजीनामा "दिला" तरी वसुली, असं असतं. मग नोटीस पिरियड मोजलाच जात नाही, 1 ऑगस्ट उजाडेपर्यंत राजीनाम्याचा मेलच टाकता येत नाही, आणि त्यावर 60 दिवस धरले की "एक वर्षाचं" लॉक-इन प्रत्यक्षात 14 महिन्यांचं होतं.

प्रश्न सरळ आहे: "मुदत मोजताना राजीनाम्याची तारीख धरता की लास्ट वर्किंग डे?" आणि लगेच पुढचा: "रक्कम प्रो-राटा कमी होते का?" प्रो-राटा असेल तर 11 महिने पूर्ण झालेल्या माणसाला 2 लाखांचा बारावा भाग, म्हणजे साधारण 16,667 रुपये द्यावे लागतील. 2 लाख कुठे आणि हे कुठे. माझ्या मते सगळ्या प्रश्नांत हा सगळ्यात कमी कष्टात जास्त पैसे वाचवणारा प्रश्न आहे आणि मागितलं तर बऱ्याचदा मिळतंही, कारण रिक्रूटरला यात पगार वाढवून द्यायचा नसतो.

चूक दुसरी: हातात आलं तेवढंच परत द्यायचं असं समजणं

जॉइनिंग बोनस पगारासारखाच टॅक्सेबल. आपला माणूस 20 टक्क्यांच्या स्लॅबमध्ये आहे, सेस धरून 20.8 टक्के, म्हणजे 2 लाखांतले 41,600 टीडीएसमध्ये गेले आणि बँकेत आले 1,58,400. पण लेटरमध्ये बहुतेक वेळा "ग्रॉस रक्कम" परत असं असतं, म्हणजे मिळाले 1,58,400 आणि द्यायचे 2,00,000.

त्याच आर्थिक वर्षात सोडलं तर कंपनी उरलेल्या महिन्यांच्या टीडीएसमध्ये हिशोब जुळवू शकते. पण इथे बोनस मिळाला ऑगस्ट 2025 मध्ये आणि वसुली जुलै 2026 मध्ये, मधे 31 मार्च येऊन गेला, जुना फॉर्म 16 निघाला, तो टॅक्स सरकारकडे जमा झाला. आता कंपनी म्हणणार तुमचं तुम्ही बघा, सीएला विचारा. म्हणून आधीच विचारायचं की वसुली ग्रॉस की नेट, आणि आर्थिक वर्ष बदललं तर टॅक्सचं काय. अजून एक, ज्यांनी या बोनसमधून जुन्या कंपनीचा नोटीस बायआउट भरलाय त्यांनी तर हे नक्की विचारा, कारण ते पैसे केव्हाच खर्च झालेले असतात.

चूक तिसरी: ट्रेनिंगच्या आकड्याचा हिशोब न मागणं

1.5 लाख म्हणजे नक्की कशाचे? बाहेरचा ट्रेनर, परीक्षेची फी, लॅबचं लायसन्स, राहण्याजेवणाचा खर्च हे समजू शकतो, याची बिलं असतात. पण काही कंपन्या ट्रेनिंगच्या काळात तुम्हाला दिलेला पगारच "ट्रेनिंग कॉस्ट" म्हणून धरतात, आणि कधीकधी ट्रेनिंग म्हणजे ऑफिसातल्या सीनियरने दाखवलेल्या पीपीटी आणि चार रेकॉर्ड केलेले व्हिडिओ. फ्रेशर्सच्या बाबतीत हे फार चालतं.

विचारा: ट्रेनिंग किती दिवसांचं, कोण देणार, सर्टिफिकेट माझ्या नावावर मिळणार का, खर्चाचा ब्रेकअप लेखी देणार का. आणि ट्रेनिंग झालंच नाही किंवा अर्धवट झालं तर बाँड लागू राहतो का? हा शेवटचा प्रश्न लोकांना विचित्र वाटतो, पण प्रोजेक्टची घाई असली की ट्रेनिंग रद्द होतं आणि करार मात्र तसाच राहतो.

इथेही सुरुवातीची तारीख बघायची. आपल्या केसमध्ये ट्रेनिंग 31 ऑक्टोबरला संपलं आणि 18 महिने 1 नोव्हेंबरपासून मोजायचे ठरले, म्हणजे बाँड संपतो 30 एप्रिल 2027 ला, जॉइनिंगपासून मोजलं तर 21 महिने. 24 जुलैला त्यातले 8 महिने पूर्ण झालेत, 10 बाकी. प्रो-राटा धरलं तर 83,333 रुपये, नाहीतर सगळे 1.5 लाख.

आता बेरीज करा. दोन्हीकडे प्रो-राटा असेल तर 16,667 अधिक 83,333, बरोब्बर 1 लाख. दोन्हीकडे नसेल तर साडेतीन लाख. तोच माणूस, तोच पगार, तीच तारीख, फक्त दोन वाक्यांचा फरक.

चूक चौथी: "बाँड तर इल्लीगल असतो" यावर विसंबणं

रीलवर असं सांगणारे खूप आहेत. नोकरी चालूच ठेवा असा हुकूम कोर्ट देत नाही हे खरं, पण पैसे मागता येतच नाहीत असं नाही. विजया बँकेच्या एका अधिकाऱ्याने तीन वर्षं भरायच्या आत, 2009 मध्ये, 2 लाख रुपये भरून नोकरी सोडली आणि मग त्या अटीलाच कोर्टात आव्हान दिलं. कर्नाटक हायकोर्टात तो जिंकला, पण मे 2025 मध्ये सुप्रीम कोर्टाने बँकेच्या बाजूने निकाल दिला, अट योग्य ठरवली. कारणंही बघण्यासारखी आहेत: सरकारी बँकेला नवी भरती जाहिरात देऊन, खुली प्रक्रिया राबवून करावी लागते, त्याला खर्च येतो, आणि त्या अधिकाऱ्याच्या पगाराच्या मानाने ही रक्कम फार मोठी नव्हती.

म्हणजे प्रत्येक प्रायव्हेट कंपनीचा प्रत्येक बाँड चालतो असंही नाही. करार कायदा, 1872 च्या कलम 74 प्रमाणे करारात आकडा लिहिलाय म्हणून तो आपोआप मिळत नाही, जास्तीत जास्त तेवढा आणि तोही वाजवी असेल तेवढाच. त्यामुळेच वरचा ब्रेकअप लेखी मागून ठेवायचा, उद्या वाद झालाच तर खर्च किती होता हाच मुद्दा असतो. आणि हो, वसुलीवर कुणी 18 टक्के जीएसटी लावून बिल दिलं तर ऑगस्ट 2022 चं जीएसटीचं परिपत्रक दाखवा, नोटीस पे आणि बाँडच्या रकमेवर जीएसटी लागत नाही असं त्यात स्पष्ट आहे.

चूक पाचवी: कंपनीनेच काढलं तर काय, हे न विचारणं

"कोणत्याही कारणाने नोकरी संपल्यास" असे शब्द दिसले की थांबा. यात लेऑफ पण आला, प्रोबेशनमध्ये नापास पण आलं, प्रोजेक्ट गेला म्हणून काढलं तेही आलं. रिक्रूटरला सांगा की "स्वेच्छेने राजीनामा किंवा गैरवर्तनामुळे काढल्यास" एवढंच ठेवा. आणि परफॉर्मन्सच्या नावाखाली काढलं तर ते कशात धरणार हे वेगळं विचारा, कारण खरी भांडणं तिथेच होतात, कंपनी म्हणते राजीनामा दे, माणूस देतो, आणि मग तो "स्वेच्छेने" ठरतो.

चूक सहावी: फोनवरचं बोलणं पुरेसं मानणं

"अहो ती फॉर्म्यालिटी आहे, आजपर्यंत कुणाकडून वसूल नाही केलं." हे वाक्य बोलणारा माणूस बऱ्याचदा कन्सल्टन्सीचा असतो, कंपनीचा नसतोच, आणि तुम्ही जॉइन होऊन ठराविक दिवस टिकलात की त्याचं कमिशन सुटतं. वर करारात एक ओळ असते की या कागदाआधी झालेलं कुठलंही बोलणं धरलं जाणार नाही. म्हणजे मेलवर "प्रो-राटा आहे" असं उत्तर आलं तरी ते पुरावा म्हणून जपून ठेवा, पण थांबू नका, तोच बदल ऑफर लेटरमध्ये मागा.

मेल साधा ठेवा: "ऑफरबद्दल धन्यवाद. अ‍ॅक्सेप्ट करण्याआधी सर्व्हिस अ‍ॅग्रीमेंट आणि ट्रेनिंग अ‍ॅग्रीमेंटचा ड्राफ्ट पाठवाल का? तसंच बोनसची वसुली प्रो-राटा आणि नेट रकमेवर होईल, तारीख लास्ट वर्किंग डेची धरली जाईल आणि लेऑफमध्ये वसुली नसेल, हे सुधारित लेटरमध्ये घालून मिळेल का?" रागावण्यासारखं यात काही नाही. सगळं मिळणार नाही, मोठ्या कंपन्यांचे टेम्प्लेट ठरलेले असतात, फ्रेशरला तर बहुतेक "नाही" असंच उत्तर येईल. पण ड्राफ्ट दाखवायलाच नकार असेल, "जॉइनिंगच्या दिवशी बघा" म्हणत असतील, तर जुन्या ठिकाणी राजीनामा टाकू नका.

आणि कुणी ओरिजिनल मार्कशीट जमा करा किंवा सही केलेला कोरा चेक द्या म्हणालं तर तिथे घासाघीस करत बसू नका. ओरिजिनल दाखवायचे, झेरॉक्स द्यायची, ओरिजिनल घेऊन घरी यायचं. कोरा चेक तर बाँडपेक्षा वाईट, त्यांनी आकडा भरून टाकला आणि बाउन्स झाला की कलम 138 ची केस, त्यात दोन वर्षांपर्यंत शिक्षेची तरतूद आहे, आणि ती रक्कम देणं लागतच नव्हतो हे मग तुम्हालाच कोर्टात दाखवत बसावं लागतं.