डक्टला घाम फुटतो तो फ्लॅन्जवर

नागपुरात एसीच्या डक्टचं, म्हणजे थंड हवा नेणाऱ्या पत्र्याच्या नळीचं, इन्सुलेशन मे महिन्यात केलं की ते हमखास चांगलंच वाटतं. बाहेर 43 अंश आणि आर्द्रता 15 टक्के असेल, तर दव धरण्याचं तापमान जेमतेम 11 अंश असतं. डक्टमधली हवा 14 अंशांची, म्हणजे उघड्या पत्र्यालाही घाम येणार नाही. जुलैत फॉल्स सीलिंगच्या वर 30 अंश आणि 80 टक्के आर्द्रता झाली की तोच आकडा 26 वर जातो. मग 26 पेक्षा थंड असलेली प्रत्येक जागा ठिबकते.

माझंही असंच झालं. मानेवाड्यातल्या एका हॉलचं काम मी मे महिन्यात केलं आणि पहिल्या पावसातच छताला पिवळे डाग पडले. इन्सुलेशनची शीट कुठेही सुटली नव्हती. पाणी येत होतं ते दर चार फुटांवरच्या फ्लॅन्जमधून, म्हणजे डक्टचे तुकडे जोडणाऱ्या, बाहेर आलेल्या कडेतून.

आधी सगळे जोड सीलंटने बंद करा आणि पत्रा पुसून कोरडा करा. 19 मिलिमीटरची बंद पेशींची नायट्रिल रबर शीट घ्या. अ‍ॅडहेसिव्ह पत्र्याला आणि शीटला, दोन्हीकडे लावा. बोट टेकवल्यावर तार सुटेनाशी झाली की चिकटवा. उन्हाळ्यात ते पाहता पाहता वाळतं, म्हणून काम सकाळीच करा, खिडक्या उघड्या ठेवून आणि आगीपासून लांब.

आता फ्लॅन्ज. ती शीटच्या वर डोकावते, म्हणून बरेच जण शीट तिथपर्यंत आणून थांबतात आणि वरून अ‍ॅल्युमिनियम टेप मारतात. हे अजिबात करू नका. टेप हवा अडवते, थंडी नाही. ती पत्र्याइतकीच गार होते आणि तिच्यावरच थेंब धरतात. फ्लॅन्जच्या दोन्ही बाजूंना शीटच्या पट्ट्या एकावर एक चिकटवून ती जागा फ्लॅन्जच्या उंचीला आणा. मग त्या सगळ्यावरून त्याच शीटचा सलग पट्टा गुंडाळा, दोन्हीकडे किमान तीन बोटं पुढे जाईल इतका रुंद. पट्टा कधीही ताणून बसवू नका. पाच मिलिमीटर जास्तच कापा आणि टोकं एकमेकांत दाबून चिकटवा. ताणलेला रबर काही आठवड्यांत आकसतो, जोडाला केसाएवढी फट पडते आणि दमट हवा आत शिरते. मानेवाड्यात मी पट्टे लावलेच नव्हते; नंतर लावले तेही ताणून, म्हणून दुसऱ्यांदा उघडावं लागलं.

डक्ट टांगणाऱ्या हँगरचा अँगलही थेट पत्र्याला टेकू देऊ नका. तो इन्सुलेशनच्या बाहेरून जावा, आणि भार पडतो तिथे शीट चेपू नये म्हणून लाकडी ठोकळा घाला. ठोकळ्याच्या कडाही चिकटवून बंद करा.

दीड दिवस एसी सुरू करू नका. खरी तपासणी जुलैतच होते: एसी दोन तास चालवा आणि प्रत्येक फ्लॅन्जवर, खालच्या बाजूने, कोरडा टिश्यू दाबून पाहा. ओला झाला तर वरून टेप लावू नका. तो पट्टा काढा, पत्रा पूर्ण वाळू द्या आणि नवा पट्टा घाला.